देव, घरचं माणूस आणि आशेचा शब्द: मासेमारी बोटीचं नाव कसं ठरवावं

कराड, पाटण, सातारा, सांगली या भागातल्या ज्या घरांची कोकणात सोयरीक असते किंवा बोटीत पैशाची भागी असते, त्यांना कधी ना कधी फोन येतो: "बोट तयार होत आली, तुमच्याकडून नाव सुचवा." घाटावरचं माणूस शेताला, दुकानाला, ट्रॅक्टरला नाव देतं तसं पटकन एखादं नाव सांगून टाकतं. बोटीला ते चालत नाही. माझं माहेर दाभोळचं आणि सासर कराडचं. त्यामुळे नाव मागणारे आणि नाव सुचवणारे, दोन्ही घरं मी जवळून पाहिली आहेत. पहिल्यांदाच नाव ठरवायला बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आमच्याकडची जुनी पद्धत तीन शब्दांची आहे. एक शब्द देवाचा, एक घरच्या माणसाचा आणि एक आशेचा. देव राखणारा, माणूस ज्याच्यासाठी किंवा ज्याच्या पुण्याईवर बोट उभी राहिली ते, आणि तिसरा शब्द पुढच्या दिवसांसाठी. हे तीन शब्द शोधणं सोपं आहे. अवघड काम वेगळंच आहे. कागदावर तीन शब्द असले तरी बंदरावर त्यातला एकच टिकतो. "गंगाई आली का?" "गंगाईचं डिझेल भरलं का?" असंच लोक विचारतात. तो एक शब्द कुठला असणार, हे नाव ठेवतानाच ठरवायला हवं. तुम्ही ठरवलं नाही तर बंदर ठरवतं, आणि बंदर बहुतेक वेळा मालकाच्या नावानंच बोट ओळखायला लागतं. मग तुम्ही ठेवलेलं नाव फक्त फळीवर उरतं.

आधी वेळ बघा

यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची पावसाळी बंदी असते. या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या किंवा खाडीत आत नांगरलेल्या असतात आणि डागडुजी, रंगकाम चालू असतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन हंगाम सुरू करायची रीत आहे. नवीन बोट त्या सुमारास पाण्यात जाणार असेल तर नाव ज्येष्ठातच पक्कं झालेलं बरं. आषाढात रंगारी मिळत नाही, आणि मिळाला तरी पावसाची उघडीप साधून काम करायचं असतं.

पण रंगाऱ्याआधी कागद येतात. बोटीच्या नोंदणीच्या अर्जात नाव लिहावं लागतं. ते नाव मग नोंदणी दाखल्यावर, मासेमारीच्या परवान्यावर, विम्यावर, कर्ज असेल तर बँकेत आणि मच्छीमार सोसायटीच्या दप्तरात जातं. म्हणून अर्ज भरायच्या आधी घरातला शेवटचा माणूसही "हो" म्हणालेला पाहिजे. अर्ज गेल्यावर कराडच्या काकांनी "एक अक्षर वाढवा" म्हणायचं आणि मग सगळे कागद परत फिरवायचे, हे टाळा.

किनाऱ्यावर फिरून नावं टिपा

आपल्या मनातलं नाव कुणाला सांगायच्या आधी एक वही घेऊन बंदरावर फिरा. बंदीच्या दिवसांत सगळ्या बोटी जागेवर असतात, त्यामुळे हे काम अर्ध्या दिवसात होतं. दिसेल ते प्रत्येक नाव लिहा, आणि त्या बोटीला लोक प्रत्यक्षात काय म्हणतात तेही शेजारी लिहा. दुसरी गोष्ट फळीवर दिसत नाही, ती जाळं विणत बसलेल्या माणसांना विचारावी लागते.

यातून एक गोष्ट लगेच कळते. देवाचं नाव बोट वेगळी काढत नाही. गावाचा देव एकच असतो, त्यामुळे त्याच्या नावाच्या बोटी अनेक असतात. महालक्ष्मी, साई, गणेश, एकवीरा ही नावं तर कुठल्याही बंदरावर पुन्हा पुन्हा भेटतील. आशेचे शब्दही ठरलेले असतात: प्रसाद, कृपा, समृद्धी, प्रगती. वेगळेपण येतं ते मधल्या शब्दानं, माणसाच्या नावानं. म्हणून माझं म्हणणं असं, की हाकेचा शब्द माणसाच्या नावाचा ठेवा. पुढे देव, मागे आशा आणि मध्ये हाक.

टिपलेल्या नावांचे शेवट एकाखाली एक वाचून बघा. धनलक्ष्मी, जयलक्ष्मी, राजलक्ष्मी अशा तीन बोटी एकाच बंदरात असतील तर वाऱ्यावर ऐकणाऱ्याला फक्त "लक्ष्मी" कळतं. तुमच्या बोटीनं त्यात चौथी भर घालू नये.

देव कोणाचा

इथे घाटावरचं आणि खालचं घर बहुतेक वेळा अडतं. खालच्या घराला गावदेव हवा असतो, कारण खाडीच्या तोंडावर तोच राखणदार. घाटावरच्या घराला आपलं कुलदैवत हवं असतं. दोन्ही बाजू खऱ्या असतात. समुद्र आणि घाट यांच्या देवांत तशी परकेपणाची भिंतही नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी कोळी घराण्यांची कुलस्वामिनी कार्ल्याची एकवीरा आहे, म्हणजे ती डोंगरातलीच, आणि जेजुरीच्या खंडोबाला जाणारी कोळी घरंही पुष्कळ आहेत.

तरीही नावात एकच देव घ्या. दोन देव घातले की माणसाचं नाव मागे ढकललं जातं आणि हाक हरवते. मी मानते तो नियम असा: बोट ज्या बंदरात राहणार तिथला देव नावात आणि दुसऱ्या घरचा देव पूजेत. पूजेतला मान लहान नसतो. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

गावदेवाला कौल लावायची रीत असेल तर लावा, पण नीट तयारी करून जा. गुरव देवाला फुलं किंवा तांदूळ लावतो, प्रश्न सांगितला जातो, आणि उजव्या बाजूचं पडलं की होकार मानतात. कौल "हो" किंवा "नाही" सांगतो, नाव सुचवत नाही. म्हणून तीन-चार नावांची यादी घेऊन देवळात जाऊ नका. घरात एक नाव पक्कं करा, दुसरं राखीव ठेवा, आणि पहिल्याबद्दल एकच सरळ प्रश्न विचारा. लोक इथे गोंधळतात. मग अर्धं घर पहिल्या नावावर आणि अर्धं दुसऱ्यावर अडून बसतं.

"श्री" आणि "प्रसन्न" यांचं काय करायचं? नावाच्या वर लहान अक्षरांत "॥ श्री चंडिका प्रसन्न ॥" अशी वेगळी ओळ घालता येते. ती ओळ भक्तीची, नाव नव्हे. नोंदणीत ती घालू नका. हे एवढं वेगळं केलं तरी नाव निम्म्यानं हलकं होतं.

माणूस कोण

आईचं किंवा आजीचं नाव सर्वांत निर्धास्त. त्यावर भावाभावांत वाद होत नाही, कारण ती सगळ्यांचीच. मुलीचं नाव गोड वाटतं, पण दुसऱ्या भावालाही मुलगी असते, आणि बोट दोघांच्या पैशाची असते. पाच वर्षांनी वाटणी झाली तर एका मुलीच्या नावाची बोट दुसऱ्याच्या वाट्याला जाते. एकट्या मालकाची बोट असेल तर मुलीचं नाव जरूर ठेवा.

हयात नसलेल्या माणसाचं नाव ठेवायला आमच्याकडे कुणी हरकत घेत नाही. उलट त्या माणसाचा हात पाठीवर आहे असं मानतात. फक्त "स्मृती" हा शब्द जोडू नये असं मला वाटतं. बोट चालवणारा तांडेल आणि त्याचे खलाशी रोज त्या नावाच्या बोटीतून बाहेर जाणार आहेत, त्यांना गेलेल्याची आठवण रोज सांगायचं कारण नाही. "आई" जोडलं की तेच नाव हयात वाटतं: सखूबाईचं सखाई, गंगूबाईचं गंगाई, जनाबाईचं जनाई.

आणखी एक तपासणी करा, जी कुणाला आवडत नाही पण करावीच लागते. बोटीचं नाव वाईट वाक्यांतही येणार आहे. "गाळात रुतली," "पंखा तुटला," "जाळं गेलं," "विकायला काढली." ही वाक्यं त्या माणसाच्या नावाला जोडून घरातल्या सगळ्यांसमोर एकदा बोलून बघा. ज्या नावावर कुणाचा तरी चेहरा उतरतो ते नाव घेऊ नका. मराठीत बोट "ती" असते, त्यामुळे बाईचं नाव या सगळ्या वाक्यांत सहज बसतं. आजोबांचं नाव द्यायचं असेल तर "आली-गेली" जोडून ते कानाला कसं लागतं हेही बघून घ्या.

आशेचा शब्द

मासेमारी करणारं घर दोन गोष्टी मागतं: जाळ्यात मासळी आणि माणसं परत. पहिल्या मागणीचे शब्द भरपूर आहेत: समृद्धी, वैभव, संपदा, धन. दुसरीचे कमी आहेत, आणि नवीन माणसाला ते सुचतच नाहीत. "तारिणी" हा त्यातला एक, पार नेणारी. भारतीय नौदलाच्या ज्या शिडाच्या बोटीनं 2017-18 मध्ये महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचं नाव तारिणी होतं. "सुखरूप" हाही चांगला शब्द, पण बोट उशिरा आली की तोच मनाला टोचतो.

दोन्ही मागण्या एका शब्दात येतील असा शब्द मला नेहमी "बरकत" वाटत आला आहे. बरकत म्हणजे नुसता पैसा नव्हे. आहे ते पुरून उरणं. कराडच्या बाजारात व्यापारी म्हणतो, दाभोळच्या धक्क्यावर दलाल म्हणतो, आणि आमच्या खाडीत हिंदू-मुसलमान दोघेही मासेमारी करतात, ते दोघेही म्हणतात.

वेग, वादळ, लाट, झुंज या अर्थाचे शब्द ऐकायला जोरकस असतात. जुनी माणसं ते टाळतात, आणि मलाही त्यांचं पटतं: समुद्राला आव्हान देणारं नाव समुद्रावरच घेऊन जायचं कशाला. "सागर" जोडलेली नावं मात्र वेगळ्या कारणासाठी टाळा. सागरकन्या, सागरराणी, सागरलक्ष्मी इतक्या असतात की पहिल्या तीन अक्षरांवर बोट ओळखता येत नाही.

एक नाव जुळवून बघू

समजा, दाभोळला दोन भावांनी मोठ्या जाळ्याची यांत्रिक बोट बांधली. बहीण कराडला दिलेली, दाजींनी चौथा हिस्सा घातला. आईचं नाव गंगूबाई, ती हयात आहे. थोरल्याच्या मुलीचं नाव आर्या. गावात चंडिका देवीचं गुहेतलं देऊळ, दाजींचं कुलदैवत पालीचा खंडोबा.

पहिल्या बैठकीत जे नाव निघतं ते बहुतेक असं असतं: "श्री चंडिका गंगूबाई समृद्धी प्रसन्न." सगळ्यांना खूश करणारं. पण हे वायरलेसवर तीनदा म्हणून बघा. "समृद्धी" आणि "प्रसन्न" मधले स, द्ध, प्र इंजिनच्या आवाजात विरघळतात. फळीवर लिहायला घेतलं तर अक्षरंच चौदा होतात.

आता कापाकापी सुरू. "श्री" आणि "प्रसन्न" वरच्या लहान ओळीत गेले. गंगूबाईचं गंगाई झालं, एक अक्षर वाचलं आणि शेवट "ई"वर आला, जो लांबून ऐकू येतो. उरली समृद्धी. धाकट्यानं "भरती" सुचवलं. शब्द सुंदर आहे, कारण दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी आत यायला भरतीचीच वाट बघावी लागते. पण थोरल्यानं विचारलं, भरतीच्या मागे काय येतं? ओहोटी. शिवाय कराडकडे भरती म्हटलं की पोरांना पोलिसांची आणि लष्कराची आठवते. तो शब्द बाजूला पडला आणि बरकत आला.

"चंडिका गंगाई बरकत." दहा अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, स-श-ष नाही. तिन्ही शब्दांची सुरुवात वेगळी, शेवट वेगळे. बंदरावर चंडिका नावाच्या बोटी असल्या तरी गंगाई दुसरी नाही, हे वहीवरून आधीच कळलेलं. हाक गंगाई.

दाजींचा खंडोबा राहिला. त्याचा निकाल असा लागू शकतो: बोट पाण्यात जाईल तेव्हा नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, पहिला भंडारा पालीहून आणलेला लावायचा आणि तो दाजींच्या हातून. हे बैठकीतच, सगळ्यांसमोर ठरवायचं. पोफळीच्या वीजघरातून खाली सोडलेलं कोयनेचं पाणी वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीतूनच समुद्रात जातं. दाजींच्या जिल्ह्यातलं पाणी त्या बोटीखालून रोज वाहणार आहे, हेही त्यांना सांगण्यासारखं आहे. आर्याचं नाव या बोटीला नाही, नारळ वाढवायचा मान मात्र तिचा.

कानाची परीक्षा

नाव पक्कं म्हणायच्या आधी ते आवाजात घालून बघा. एक जण चालू इंजिनपाशी उभा राहील, दुसरा धक्क्यावर. वायरलेस संच असेल तर त्यावर, नसेल तर फोनवर नाव सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं वहीत लिहायचं. ऐकणारा तुमच्या घरचा नको, कारण घरच्याला नाव आधीच माहीत असतं. शेजारच्या बोटीवरचा खलाशी किंवा घाटावरून आलेला पाहुणा चांगला. तीनपैकी दोनदा बरोबर लिहिलं गेलं नाही तर कुठलं अक्षर बुडतंय ते बघा आणि तेवढाच शब्द बदला.

हा खेळ नाही. समुद्रावर संकट आलं तर वायरलेसच्या 16 नंबरच्या चॅनलवर आधी "मेडे" तीनदा म्हणतात, मग बोटीचं नाव तीनदा सांगतात आणि मग ठिकाण. घाबरलेला माणूस, फाटलेला आवाज, वारा. अशा वेळी दहा अक्षरांचं स्वच्छ नाव आणि चौदा अक्षरांचं जोडाक्षरी नाव यांत मोठा फरक पडतो. किनाऱ्यावरून कुणी तटरक्षक दलाच्या 1554 या नंबरवर फोन केला तरी पहिला प्रश्न बोटीच्या नावाचा आणि नंबरचाच असतो. म्हणून घरातल्या बायकांना आणि घाटावरच्या भागीदारांनाही हाकेचा शब्द नव्हे, पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक पाठ पाहिजे. दाजींच्या मोबाईलमध्ये "मेव्हण्याची बोट" असं लिहून ठेवलेलं अशा वेळी कामाचं नसतं.

कागदावरची अक्षरं

नोंदणीचा अर्ज मत्स्यव्यवसाय विभागाकडे, रिअलक्राफ्ट या सरकारी संकेतस्थळावरून जातो, आणि तिथे नाव रोमन अक्षरांत भरावं लागतं. इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतात. बरकत हा शब्द एक जण BARKAT लिहितो, दुसरा BARAKAT. अर्ज एकानं भरला, विम्याचा कागद दुसऱ्यानं, बँकेत तिसऱ्यानं, की एकाच बोटीच्या तीन बोटी होतात. डिझेलवरच्या कराचा परतावा असो की नुकसानीची भरपाई, कागद जुळवून बघणारा माणूस अक्षर न् अक्षर बघतो आणि त्याचं बरोबरच असतं.

उपाय साधा आहे. ज्या दिवशी नाव पक्कं होईल त्याच दिवशी एका कागदावर वर मराठीत आणि खाली रोमन अक्षरांत नाव लिहा, आपल्या उदाहरणात CHANDIKA GANGAI BARKAT. शब्दांमध्ये जागा आहे की जोडरेघ, तेही ठरवा. सगळ्या भागीदारांनी त्यावर सही करावी आणि त्याचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. पुढचा प्रत्येक अर्ज त्या फोटोकडे बघून भरायचा. दाखला हातात आल्यावर घरी न्यायच्या आधी नाव वाचा, तिथेच.

फळीवर

रंगाऱ्याला नाव फोनवर सांगू नका. तोच सहीचा कागद द्या. नोंदणी क्रमांकाची जागा आधी ठरवा, कारण समुद्रात तपासणी करणारा क्रमांक बघतो आणि तो नियमाप्रमाणे ठळक असावाच लागतो. क्रमांक कुठे, किती मोठा, रंग कोणता, हे परवाना अधिकाऱ्याकडून विचारून घ्या. उरलेली जागा नावाची.

मोजमाप असं करा. नाळेपाशी दहा फूट सपाट जागा मिळाली तर ती 120 इंच झाली. "चंडिका गंगाई बरकत" ची दहा अक्षरं आणि शब्दांमधल्या दोन मोकळ्या जागा, मिळून बारा भाग. प्रत्येक भाग दहा इंचांचा. लांबून वाचता येईल असं अक्षर झालं. पहिल्या बैठकीतलं चौदा अक्षरांचं नाव असतं तर चार जागा धरून अठरा भाग झाले असते आणि अक्षर सात इंचांच्याही खाली आलं असतं, त्यात श्री, द्धी आणि न्न यांची गर्दी. शब्दांमध्ये शिरोरेघ तोडायला सांगा. काही रंगारी देखणेपणासाठी एकच रेघ ओढत नेतात, मग तीन शब्दांचा एकच लांबट शब्द दिसतो.

आता एक बारीक गोष्ट, जी किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असते आणि घाटावरच्याला नसते. बोटीच्या डाव्या अंगाला नाव नाळेपासून सुरू होतं आणि मागे जातं. उजव्या अंगाला मात्र वाचणारा डावीकडून वाचतो, म्हणून नाव मागून सुरू होतं आणि नाळेशी संपतं. म्हणजे डावीकडे नाळेवर चंडिका, उजवीकडे नाळेवर बरकत. उजवीकडचा देवीचा शब्द त्यामुळे बोटीच्या मध्याकडे सरकतो, जिथे धक्क्याला लावताना टायर घासतात आणि माणसं चढताना पाय देतात. देवाचं नाव पायाखाली नको असेल तर उजव्या बाजूचं पूर्ण नाव चार बोटं वर घ्या किंवा टायर पुढे-मागे हलवा. हे रंग लागायच्या आधी खडूनं लिहून, बोट धक्क्याला कुठल्या अंगानं लागते ते तांडेलाला विचारून ठरवा.

फायबरच्या बोटीवर रंग थेट धरत नाही. पृष्ठभाग पॉलिश पेपरनं घासून, धूळ पुसून, प्रायमर देऊन मगच ऑईल पेंट. लाकडावर जुन्या रंगाचे पापुद्रे खरवडल्याशिवाय नवीन अक्षर टिकत नाही. गडद निळ्यावर पांढरं किंवा पिवळं अक्षर संध्याकाळी सगळ्यांत उशिरापर्यंत वाचता येतं. निळ्यावर लाल देखणं दिसतं, पण उजेड कमी झाला की ते काळंच दिसतं.

पाण्यात उतरवताना

उतरवायच्या दिवशी नाळेची पूजा होते, हळद-कुंकू, हार, नारळ. आपल्या उदाहरणात त्या आधी पालीचा भंडारा. पूजेच्या वेळी नाव तीनदा मोठ्यानं घ्यायला लावा, आणि ते घरच्यांनी नव्हे, तांडेल आणि खलाशांनी. कराड-सांगलीहून आलेली माणसं हौसेनं पुढे होतात, पण त्या नावाला रोज हाक मारणारे खलाशीच आहेत. त्यांच्या तोंडात नाव पहिल्या दिवशी बसलं तर महिन्याभरात बंदरभर होतं. त्याच दिवशी दलालाच्या वहीत आणि डिझेल पंपावर हाकेचा शब्द सांगून ठेवा. दोन्हीकडे एकच शब्द, म्हणजे हिशेबात गंगाईचे पैसे दुसऱ्या चंडिकेच्या खात्यात पडत नाहीत.

पहिला हंगाम वाईट गेला की कुणीतरी नावाला दोष देतं. नाव बदलायचंच असेल तर कागद पहिल्यापासून फिरवावे लागतात, विमा आणि कर्जासकट. त्यामुळे निदान दुसऱ्या पावसाळी बंदीपर्यंत थांबा आणि तोवर जाळं, इंजिन आणि मासळीच्या जागा यांचा विचार करा. बदललंच तर जुनं नाव नुसतं रंगानं झाकू नका, खरवडून काढा. उन्हापावसात वरचा रंग उडतो आणि खालचं नाव वर येतं, आणि दोन नावांची बोट अडवून प्रश्न विचारणं हे तपासणी करणाऱ्याचं कामच आहे.

बोट विकली तर देवाचं नाव नवीन मालक बहुतेक ठेवतो, माणसाचं ठेवत नाही. आईचं नाव दुसऱ्याच्या हातून पुसलं जाणं ज्यांना सहन होणार नाही, त्यांनी सौद्यातच ठरवून घ्यावं, की मधला शब्द आपणच खरवडून मग बोट ताब्यात देऊ. खरेदीदाराला त्यात काही वावगं वाटत नाही. त्यालाही मधल्या जागेत स्वतःच्या घरचं माणूस लिहायचं असतं.